बाराला एक: संस्थेचा निधी आणि जादा व्याजाचा हिशेब

प्रश्न : आमची ४० सदनिकांची गृहनिर्माण संस्था. सिंकिंग फंडाचे २४ लाख रुपये एफडीत आहेत, बँक ७ टक्के देते. अध्यक्षांच्या ओळखीची एक पतसंस्था 'विशेष योजनेत' १४ टक्के देते. समितीतले चौघे योजनेच्या बाजूने, मी एकटा बँकेच्या. "भीती वाटते हे कारण चालणार नाही, हिशेबाने दाखवा," असे म्हणतात. कसे दाखवू? (खजिनदार, डोंबिवली)

भीती बाजूला ठेवा आणि एका कागदावर तीन आकडे मांडा. बँकेत ठेवले तर वर्षाअखेर मिळणारे व्याज १,६८,००० रुपये. योजना सुरळीत चालली तर मिळणारे व्याज ३,३६,००० रुपये. तिसरा आकडा समितीतल्या कोणीच विचारलेला नसतो, तो म्हणजे योजना बुडाली तर मुद्दलातले किती जाईल. समजा ३० टक्के परत मिळाले (बुडालेल्या योजनेत हे गृहीतक उदारच म्हणायचे), तर १६,८०,००० रुपये गेले.

अपेक्षित मूल्य काढायचे म्हणजे प्रत्येक निकालाच्या रकमेला तो निकाल लागण्याच्या शक्यतेने गुणायचे आणि बेरीज करायची. बुडण्याची शक्यता १०० पैकी ५ धरू. ३,३६,००० गुणिले ०.९५ म्हणजे ३,१९,२००. त्यातून १६,८०,००० गुणिले ०.०५, म्हणजे ८४,००० वजा केले. उरले २,३५,२००. बँकेचे १,६८,०००. म्हणजे ५ टक्के धोका मान्य केला तर हिशेब अध्यक्षांच्या बाजूने जातो, ६७,२०० रुपयांनी. हे लपवू नका. लपवलेत आणि समितीतल्या कोणी स्वतः आकडेमोड केली, तर पुढे तुमचे काहीच कोणी ऐकणार नाही.

आता शक्यता १० टक्के धरा. ३,०२,४०० वजा १,६८,००० म्हणजे १,३४,४००. बँक पुढे. पाच आणि दहाच्या मध्ये कुठेतरी पारडे फिरते, आणि तुम्हाला नेमका तोच बिंदू हवा आहे. तो काढायला शक्यता माहीत असावी लागत नाही. एक्सेलमध्ये `B1` ला बँकेचे व्याज, `B2` ला योजनेचे व्याज, `B3` ला बुडाल्यास जाणारे मुद्दल घाला आणि हे लिहा:

```
=(B2-B1)/(B2+B3)
```

१,६८,००० भागिले २०,१६,०००, उत्तर ०.०८३३. बरोबर बाराला एक. वर्षभरात योजना बुडण्याची शक्यता बारात एकापेक्षा जास्त वाटत असेल तर बँक, कमी वाटत असेल तर निदान हिशेबापुरती योजना. परतीचे ३० टक्के काढून टाकले, म्हणजे सगळेच गेले असे धरले, तर हा उंबरठा सुमारे ६.१ टक्क्यांवर, म्हणजे सोळाला एकवर येतो.

सभेत लाख-लाख बोलू नका, घरटी बोला. २४ लाख म्हणजे सदनिकेमागे ६०,००० रुपये. योजना चालली तर प्रत्येक घराला बँकेपेक्षा ४,२०० रुपये जास्त मिळतात. बुडाली तर बँकेच्या तुलनेत ४६,२०० रुपये कमी होतात, ४२,००० मुद्दलाचे आणि ४,२०० हुकलेल्या व्याजाचे. एका फटक्याची भरपाई व्हायला अकरा वर्षे विनाविघ्न जावी लागतात. पाच टक्के, दहा टक्के यावर तासभर वाद घालणाऱ्या सभेला ४,२०० आणि ४६,२०० हे दोन आकडे लगेच कळतात.

मग सभेपुढे प्रश्न एवढाच ठेवा: "ही योजना येत्या वर्षात बुडण्याची शक्यता बारात एकापेक्षा कमी आहे, असे आपण कशाच्या आधारावर म्हणतो?" एरवी सिद्ध करायचे ओझे तुमच्यावर असते. या प्रश्नाने ते योजना आणणाऱ्यावर जाते.

प्रश्न : वरच्यासारखाच आमचाही वाद आहे. संबंधित पतसंस्थेने १२ वर्षांत एकही व्याजाचा हप्ता चुकवलेला नाही. मग शक्यता शून्याच्या जवळच धरायला हवी ना? (सचिव, नाशिक)

नाही. बारा वर्षे काहीच घडले नाही, यावरून शक्यता शून्य ठरत नाही. फक्त ती फार मोठी नसावी एवढे ठरते, आणि 'फार मोठी' म्हणजे किती हे ऐकून आश्चर्य वाटेल. संख्याशास्त्रात एक ठोकताळा आहे: n वेळा प्रयोग केला आणि एकदाही अपघात झाला नाही, तर खरी शक्यता जास्तीत जास्त ३ भागिले n असू शकते, असे ९५ टक्के खात्रीने म्हणता येते. ३ भागिले १२ म्हणजे २५ टक्के. इतक्या लहान n साठी नेमके गणित केले तर सुमारे २२ टक्के. म्हणजे दरवर्षी पाचात एक बुडण्याचा धोका असलेली संस्थासुद्धा बारा वर्षे सुखरूप काढू शकते, आणि तिचा इतिहास तुम्हाला दाखवला जातो तसाच दिसतो.

एकच आकडा हवा असेल तर लाप्लासची पद्धत वापरतात: अपघातांची संख्या अधिक १, भागिले वर्षांची संख्या अधिक २. इथे १ भागिले १४, म्हणजे ७.१ टक्के. उंबरठा ८.३. फरक एवढा कमी की याच्या जोरावर २४ लाख हलवावेत असे कोणी म्हणू नये.

शिवाय हे दोन्ही ठोकताळे प्रत्येक वर्ष स्वतंत्र आहे असे मानतात. ठेवींच्या बाबतीत ते खरे नसते. नव्या ठेवींतून जुन्यांचे व्याज देणाऱ्या संस्थेचा इतिहास शेवटच्या हप्त्यापर्यंत निष्कलंक असतो, किंबहुना नवीन ठेवी याव्यात म्हणून तो मुद्दाम निष्कलंक ठेवलेला असतो. म्हणून वर्षे मोजण्यापेक्षा ताळेबंद उघडा.

ताळेबंदात आधी 'येणे व्याज' ही ओळ पाहा. कर्जदाराने न भरलेले व्याज जमेला धरून नफा दाखवता येतो. अशा थकलेल्या व्याजासमोर देयता बाजूला तेवढीच तरतूद असायला हवी. तीन वर्षांचे आकडे शेजारी शेजारी लिहा. येणे व्याज वाढतेय, तरतूद जागची हलत नाही आणि तरी लाभांश वाटला जातोय, असे दिसले तर तुमची ५ टक्क्यांची शक्यता तिथेच खोडा. मग थकबाकीचे एकूण कर्जाशी प्रमाण आणि लेखापरीक्षणाचा वर्ग, हेही तीन वर्षांचे. लेखापरीक्षण अहवाल मागितल्यावर "मॅनेजर रजेवर आहेत" असे उत्तर आले, तर तीही माहितीच समजा.

दुसरी तपासणी दराची. ठेवीदाराला १४ टक्के द्यायचे, एजंटचे कमिशन, पगार, भाडे आणि थोडी बुडीत कर्जे भरून काढायची, तर कर्ज १८-१९ टक्क्यांच्या खाली देता येणार नाही. त्या दराने कोण घेतो? ज्याला बँकेने ९-१० टक्क्यांना नाही म्हटले तो. बँकेपेक्षा मिळणारे ते वरचे ७ टक्के म्हणजे त्या कर्जदाराच्या न फेडण्याचा मोबदला, जो तुमच्याकडे वळवला आहे.

प्रश्न : हिशेब जर ६७,२०० रुपयांनी योजनेच्या बाजूने असेल, तर नकार देणे हे सभासदांचे नुकसान नाही का? अपेक्षित मूल्य मानायचे तर पूर्ण माना. (सभासद, ठाणे)

प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर गणितातच आहे. अपेक्षित मूल्य ही सरासरी असते. तुमच्यासारख्या १०० संस्थांनी हाच डाव खेळला, तर ९५ जणांना ३,३६,००० मिळतील, ५ जणांचे १६,८०,००० जातील, आणि सगळ्यांची सरासरी २,३५,२०० येईल. पण २,३५,२०० ही रक्कम शंभरातल्या एकाही संस्थेच्या खात्यात जमा होत नाही. विमा कंपनी सरासरीवर जगू शकते, कारण ती हजारो डाव एकाच वेळी खेळते. तुमची संस्था एकच डाव खेळते, सगळ्या निधीनिशी.

"एकच वर्ष ठेवू" असे म्हटले जाते आणि मग पावती आपोआप नूतनीकरण होत राहते. वर्षाला ५ टक्के धोका धरला तर पाच वर्षे सलग निभावण्याची शक्यता ०.९५ चा पाचवा घात, म्हणजे ७७ टक्के. उरलेले २३ टक्के, जवळपास चारात एक, मधल्या कुठल्यातरी वर्षी बुडण्याचे. सिंकिंग फंड हा तर वर्षानुवर्षे पडून राहणारा पैसा. आदर्श उपविधीप्रमाणे तो सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या दरवर्षी किमान पाव टक्क्याने जमतो, म्हणजे २४ लाख जमायला किती काळ गेला असेल ते पाहा.

आणखी एक गोष्ट हिशेबातून सुटते. निधीचा रुपया आणि नफ्याचा रुपया सारख्या किमतीचे नसतात. गच्चीचे वॉटरप्रूफिंग आणि लिफ्ट बदलणे दोन वर्षांनी ठरलेले असेल, तर वरचे ६७,२०० मिळाल्याने काम काही लवकर होत नाही. पण १६,८०,००० गेले तर काम थांबते, गळती वाढते, दरपत्रक बदलते आणि घरटी ४२,००० ची जादा वर्गणी काढावी लागते, जी दहा घरे वेळेवर देत नाहीत. हा खर्च समजा ३ लाख. तो सूत्रात `B3` मध्ये मिळवा: १,६८,००० भागिले २३,१६,०००, म्हणजे ७.२५ टक्के. उंबरठा बाराला एकवरून चौदाला एककडे सरकला. तेव्हा अपेक्षित मूल्य पूर्णच मानायचे, फक्त नुकसानीच्या रकान्यात सगळे नुकसान लिहायचे.

आणि हिशेब काहीही येवो, कायदा आधी येतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ७० मध्ये संस्थेने निधी कुठे गुंतवायचा हे ठरवून दिले आहे: जिल्हा मध्यवर्ती आणि राज्य सहकारी बँक, ट्रस्ट कायद्याच्या कलम २० मधले रोखे, आणि नियमांनी किंवा आदेशाने मान्यता मिळालेल्या इतर जागा. पतसंस्थेची 'विशेष योजना' त्यात आपोआप बसत नाही. बसते असे कोणी म्हणत असेल, तर त्याने आदेश आणि त्याचा क्रमांक दाखवावा. चुकीच्या गुंतवणुकीमुळे संस्थेचे नुकसान झाले, तर कलम ८८ खाली समिती सदस्यांकडून भरपाई वसूल होऊ शकते. म्हणजे फायदा झाला तर तो चाळीस घरांचा, आणि तोटा झाला तर वसुलीची नोटीस सही करणाऱ्यांना. समितीच्या बैठकीत हे वाक्य एकदा मोठ्याने वाचून दाखवावे.

प्रश्न : बँकेला तुम्ही शून्य धोका धरता. पीएमसी बँक विसरलात का? (निवृत्त लेखापाल, मुलुंड)

वरच्या हिशेबात सोयीसाठी शून्य धरला, प्रत्यक्षात तो धरू नये. २३ सप्टेंबर २०१९ ला रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आणले तेव्हा खातेदाराला सुरुवातीला सहा महिन्यांत फक्त १,००० रुपये काढता येत होते. ती मर्यादा टप्प्याटप्प्याने वाढत गेली. जानेवारी २०२२ मध्ये बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली, पण ५ लाखांवरच्या किरकोळ ठेवींची परतफेड दहा वर्षांपर्यंत लांबवली गेली. संस्थात्मक ठेवीदारांच्या विम्याबाहेरच्या रकमेतला ८० टक्के भाग तर १ टक्का लाभांशाच्या अग्रहक्क शेअर्समध्ये बदलला. तेव्हा बुडणे म्हणजे पैसे जाणेच असे नाही. पैसे दहा वर्षांनी मिळणे हेही बुडणेच. दहा वर्षांनी मिळणाऱ्या १ लाखाची आजची किंमत ७ टक्क्यांनी सुमारे ५१,००० रुपये होते. `B3` भरताना परतीची रक्कम अशी कापून लिहा.

बँक आणि पतसंस्था यांच्यात मोठा फरक विम्याचा. डीआयसीजीसीचा ठेव विमा ४ फेब्रुवारी २०२० पासून दर ठेवीदारामागे, दर बँकेमागे ५ लाख रुपये आहे. सहकारी बँका त्यात येतात, पतसंस्था येत नाहीत. २०२१ च्या दुरुस्तीनंतर बँकेवर सर्वसमावेशक निर्बंध आले तर विम्याची रक्कम ९० दिवसांत द्यायची आहे, परवाना रद्द होण्याची वाट बघावी लागत नाही.

पण ५ लाखांत मुद्दल आणि व्याज दोन्ही धरले जातात, हे बहुतेक खजिनदारांच्या ध्यानात नसते. नेमकी ५ लाखांची पावती केली तर पहिल्याच तिमाहीचे व्याज विम्याबाहेर. ७.५ टक्के दराने, तिमाही चक्रवाढीने, ४,६०,००० चे वर्षाअखेर सुमारे ४,९५,५०० होतात, म्हणजे आत राहतात. तीच पावती दोन वर्षांची केली तर ५,३३,००० च्या पुढे जाते. मोठ्या मुदतीसाठी व्याज दर तिमाहीला बचत खात्यात घ्या, मात्र ते खाते दुसऱ्या बँकेत हवे. त्याच बँकेच्या बचत खात्यातली शिल्लकही त्याच ५ लाखांत मोजली जाते. दोन शाखांत ठेवून उपयोग नाही, बँक एकच. दोन बँकांचे विलीनीकरण झाले तरी पुन्हा हिशेब करा.

डोंबिवलीच्या २४ लाखांचे पाच बँकांत ४,६०,००० प्रमाणे २३ लाख होतात, उरलेला १ लाख खर्चासाठी सहाव्या बँकेत. एखादी बँक अडकली तर विम्याखाली सगळे परत मिळते, थोडा उशीर एवढेच. पाच केवायसी, पाच पावत्या, पाच नूतनीकरणाच्या तारखा हा त्रास खरा आहे. तो नको असेल तर मोठ्या राष्ट्रीयीकृत बँकेत अर्धा टक्का कमी दराने एकच पावती करा. २४ लाखांवर अर्धा टक्का म्हणजे वर्षाला १२,०००, घरटी ३०० रुपये. कोणता त्रास परवडतो ते समितीने ठरवावे. दोन्ही मार्गांत ठेव ठेवण्यापूर्वी ती बँक कलम ७० खाली चालते का, हे उपनिबंधक कार्यालयात विचारून घ्या.

प्रश्न : सगळे नाही, निदान चौथा हिस्सा योजनेत टाकला तर? आणि तोही तीन वेगवेगळ्या पतसंस्थांत वाटून? (समिती सदस्य, कोल्हापूर)

६ लाख टाकले म्हणून उंबरठा बदलत नाही, तो बाराला एकच राहतो, कारण फायदा आणि तोटा दोन्ही चौथाईच झाले. बदलते ते फक्त पडण्याची उंची: जास्तीत जास्त ४,२०,००० जातील, घरटी १०,५००. स्वतःच्या पैशाबाबत हा विचार शहाणपणाचा आहे. संस्थेच्या निधीबाबत मात्र कलम ७० मध्ये 'चौथा हिस्सा चालेल' अशी सवलत नाही.

वाटण्याबद्दल सांगायचे तर, तीन जागी वाटल्याने अपेक्षित मूल्य तेवढेच राहते, चढउतार कमी होतात, पण तिघी स्वतंत्रपणे बुडणाऱ्या असतील तरच. ५ टक्के प्रत्येकी धरले तर तिन्ही एकदम बुडण्याची शक्यता कागदावर आठ हजारांत एक येते. प्रत्यक्षात तिघींचे एजंट तेच, कर्जदार त्याच बाजारपेठेतले, तारण म्हणून त्याच भागातले प्लॉट. एकीच्या दारात रांग लागली की दुसऱ्या दिवशी उरलेल्या दोघींच्या दारात लागते, कारण रांगेतली माणसेही तीच असतात. अशा वेळी आठ हजारांत एक विसरा आणि विसाला एकच धरा.

प्रश्न : आमच्या बचत गटाकडे १,८०,००० रुपये जमलेत. एक जण महिन्याला २ टक्के देतो म्हणतो. सगळे मुद्दल ५० महिन्यांत व्याजातूनच सुटते, पुढचे फुकट. यात चूक काय? (गटाच्या खजिनदार, सातारा)

५० महिने तो टिकेल, हे यात गृहीत धरले आहे. दर महिन्याला तो पळून जाण्याची शक्यता फक्त ३ टक्के धरा. ५० महिने टिकण्याची शक्यता ०.९७ चा पन्नासावा घात, म्हणजे सुमारे २२ टक्के. पैसे आत ठेवून नुसते व्याज घेत राहिलात, तर सरासरीने ३२ हप्ते हातात येतील, म्हणजे ६४-६५ टक्के. रुपया दिला, पासष्ट पैसे आले.

तोंडी हिशेबासाठी एक सोपी खूण आहे. मुद्दल परत मिळणारच नसेल, तर महिन्याचा व्याजदर आणि महिन्याची बुडण्याची शक्यता जवळपास सारखी झाली की हाती काहीच उरत नाही. तो २ टक्के देत असेल, तर महिन्याला पन्नासात एक एवढ्या धोक्यालाच मुद्दल कसेबसे सुटते, बँकेचे व्याज तर सोडाच. अनोळखी माणसाबाबत पन्नासात एकपेक्षा कमी धोका कोण लिहून देईल?

दुसरे असे की, परवान्याशिवाय जनतेकडून अशा ठेवी गोळा करायला २०१९ च्या अनियंत्रित ठेव योजना बंदी कायद्याने मनाई आहे. फसवणूक झाल्यास महाराष्ट्रात ठेवीदारांच्या हितरक्षणाचा १९९९ चा एमपीआयडी कायदाही लागतो. त्याखाली मालमत्ता जप्त होते, पण तिची विक्री होऊन पैसे वाटेपर्यंत वर्षे जातात. पैसे अजून दिले नसतील तर देऊ नका. १,८०,००० हे ५ लाखांच्या आत आहेत, गटाच्या नावावर बँकेत एकच पावती पुरते.

प्रश्न : समितीने बहुमताने योजना घ्यायचे ठरवलेच, तर विरोध करणाऱ्या खजिनदाराने काय लिहून ठेवावे? (खजिनदार, पुणे)

"खजिनदारांनी विरोध नोंदवला" एवढे इतिवृत्तात पुरत नाही, कारण दोन वर्षांनी तो विरोध कशाला होता ते कोणाला आठवत नाही. आकडे आणि कलम लिहा. मजकूर साधारण असा: "गुंतवणुकीची रक्कम २४,००,०००. बँकेचा दर ७ टक्के, योजनेचा १४ टक्के. योजनेला ठेव विमा नाही. मुद्दलातले ३० टक्के परत मिळतील असे धरल्यास, वार्षिक धोका ८.३ टक्क्यांपेक्षा कमी असेल तरच योजना फायद्याची. तो कमी असल्याचा कागदोपत्री आधार सभेपुढे आलेला नाही. सदर गुंतवणूक कलम ७० मध्ये बसते याचा आदेश मागितला असता सादर झाला नाही. सबब माझा विरोध." खाली तारीख आणि सही. इतिवृत्त कायम होताना हा परिच्छेद वगळला नाही ना, हे पुढच्या बैठकीत स्वतः वाचून बघा.

त्याच दिवशी हाच मजकूर अध्यक्ष आणि सचिवांना पत्राने द्या आणि पोच घ्या. इतिवृत्ताची वही संस्थेच्या कपाटात असते, पोच तुमच्या घरी राहते. संस्थेच्या खात्यावर तुमचीही सही लागत असेल, तर ठराव झाल्यावरही धनादेशावर सही करण्यापूर्वी आदेशाची प्रत मागा. विरोध नोंदवून मग त्याच धनादेशावर सही केली, तर चौकशीत विरोधापेक्षा सही जास्त बोलते.

पैसे गेलेच, तर पावती 'आपोआप नूतनीकरण' अशी करू देऊ नका. मुदत एक वर्षाची, आणि मुदत संपण्याच्या तीस दिवस आधी तोच हिशेब नव्या ताळेबंदावर पुन्हा मांडण्याचा विषय सभेच्या कार्यक्रमपत्रिकेत आजच घालून ठेवा.